लांब रजेवरून सहकारी परत येतेय, तिला काम देताना काय धरून चालावं?

अधिकउणे
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी सात जणांची टीम सांभाळतो. आम्ही कंपन्यांना हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून देतो. आधी त्यांच्याकडे जाऊन काम समजून घ्यायचं, मग जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचा, मग त्यांच्या लोकांना शिकवायचं. आमची एक सीनियर सहकारी बाळंतपण आणि त्यानंतरची जोडून घेतलेली रजा धरून दहा महिन्यांनी परत येतेय. रजेआधी मोठे क्लायंट तीच बघायची.

नुकतंच एक मोठं काम आलंय. महिन्यातून चार-पाच दिवस क्लायंटकडे जाऊन राहावं लागेल, आणि सिस्टीम चालू करायच्या आठवड्यात रात्रीही बसावं लागतं. तिच्या जागी जो काम बघत होता तो हे घ्यायला एका पायावर तयार आहे. माझा विचार असा, की पहिले सहा महिने तिला ऑफिसातलंच काम द्यावं. टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, नव्या मुलांना तयार करणं. प्रवास नाही. लहान बाळ आहे, उगाच ताण कशाला?

घरी बायको म्हणते, आधी तिला विचार. पण विचारलं तर ती बिचारी अडकणार. नाही म्हणावं तर नाव खराब, हो म्हणावं तर ओढाताण. त्यापेक्षा मीच ठरवून टाकलं तर तिच्या डोक्याचा ताप नाही का वाचणार?

झुळूक
वहिनींचं ऐका. धागा बंद करा. :)

सदाफुली२
रजा वाढवून मिळते का ते आधी बघा. आमच्याकडे बिनपगारी तीन महिने वाढवून देतात, फक्त अर्ज रजा संपायच्या आत गेला पाहिजे. माझ्या नणंदेने शेवटच्या आठवड्यात दिला आणि एचआरने बराच घोळ घातला.

अधिकउणे
सदाफुली, तिला रजा वाढवायची नाहीये. तारीख तिनेच कळवली आहे. प्रश्न आल्यावर काम काय द्यायचं हा आहे.

रेवा_म
तुमच्या पोस्टमधलं "पहिले सहा महिने" वाचलं आणि लिहायलाच बसले.

माझ्या साहेबांनी अगदी हेच केलं होतं, आणि अगदी चांगल्या मनाने. मी परत आले तेव्हा माझे दोन क्लायंट दुसऱ्यांकडे गेले होते आणि मला "निवांत" काम दिलं गेलं. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार जपून वागत होते. सहा वाजले की "तू निघ गं, आम्ही बघतो." मला आधी बरंही वाटलं.

मग प्रमोशनचा फॉर्म आला. त्यात क्लायंटची जबाबदारी, वसूल केलेले पैसे, निस्तरलेले घोटाळे, असे रकाने होते. माझ्याकडे लिहायला काय? टेस्टिंग वेळेत पूर्ण. ज्या मीटिंगमध्ये नावं सुचवली जातात तिथे माझं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं, कारण ते काम वरच्या कोणाच्या नजरेस पडतच नाही. सहा महिन्यांनी मी विचारलं, माझे क्लायंट? तर उत्तर मिळालं, आता त्यांची घडी बसलीय, मध्येच कशाला बदल. तात्पुरतं काम कधी संपणार हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं की ते संपतच नाही.

मला प्रवास जमला असता का? महिन्यातून एकदा नक्की. आई घरी येऊन राहिली होती. पण हे त्यांना कळणार कसं, विचारलंच नाही तर?

तटस्थ
मग उपाय सोपा आहे. पहिल्या दिवसापासून जुनं सगळं काम परत. समान वागणूक म्हणजे समान. बाळ आहे की नाही हा ऑफिसचा विषयच नाही. झेपलं नाही तर ती स्वतः सांगेल. प्रौढ माणूस आहे.

झुळूक
"झेपलं नाही तर ती स्वतः सांगेल." तटस्थराव, तुमच्या टीममध्ये झेपत नाही असं किती जणांनी स्वतःहून सांगितलंय आजवर?

तटस्थ
कोणीच नाही. म्हणजे सगळ्यांना झेपतंय. :D

मनमोकळी
तटस्थ, माझ्या बाबतीत तुमचाच उपाय झाला होता. बॉसने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ही परत आली म्हणजे आता हे नवं काम हिचंच, हिला रजेने काही फरक पडत नाही. टाळ्या वाजल्या.

मला त्या वर्षी ते नको होतं. महत्त्वाकांक्षा गेली म्हणून नाही, मूल सतत आजारी होतं आणि नवऱ्याची बदली झाली होती. मला आधीचंच काम आधीच्याच वेळेत नीट करायचं होतं, एवढंच. पण टाळ्या वाजल्यावर नाही कसं म्हणणार? सात महिने ओढलं आणि मग नोकरीच सोडली. बॉसला आजही वाटतं की त्याने मला केवढी संधी दिली. रेवाचे साहेब आणि माझा बॉस, दोघांनीही आपापल्या मनातली बाई कामाला लावली. समोरच्या बाईला कोणी काही विचारलं नाही.

बापमाणूस
पुरुषाची बाजू पण येऊ द्या. मी पाच महिने रजा घेतली होती, बायको तेव्हा कामावर परत गेली होती. मी रुजू झालो त्याच आठवड्यात मला दौऱ्यावर पाठवलं. घरी कोण आहे, जमेल का, एका अक्षराने विचारलं नाही, कारण घरी "ती" आहेच असं धरलेलं. आणि लवकर निघालो की, "काय, आज बायकोला सुट्टी?"

वर एक वरिष्ठ म्हणाले, "मस्त आराम झाला ना, आता लागा कामाला." आराम! त्या काळात सलग झोप मिळाली तर मी देवाचे आभार मानायचो.

सांगायचा मुद्दा, अधिकउणे, परत येणारा माणूस पुरुष असता तर हा धागा काढला असता का?

अधिकउणे
खरं सांगू, नसता काढला. त्याला प्रवासाला पाठवलं असतं आणि विसरून गेलो असतो.

पण माझी मूळ अडचण तशीच आहे. विचारणं हाच एक दबाव होतो, त्याचं काय? मी साहेब आहे. माझ्या "जमेल का?" ला खुलं उत्तर येईल असं मला वाटत नाही.

पानगळ
मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे आणि लांब रजेवरून येणाऱ्यांची बसवाबसव हे माझ्या कामातलं मोठं काम. अधिकउणे, तुमची भीती रास्त आहे. पण विचारू नये असा तिचा अर्थ नाही. "जमेल का?" हा प्रश्न वाईट आहे, एवढाच अर्थ आहे. तो तिच्या घराबद्दल आहे. तुम्ही कामाबद्दल बोला.

आधी हे ठरवा की ती काहीच बोलली नाही तर काय होणार. माझ्या मते तिथे एकच उत्तर हवं. तिचं पद, तिचे जुने क्लायंट आणि तिच्या पातळीचं काम. बदल करायचा तर तो तिने मागितला म्हणून. तुमच्या बेतात हे उलटं आहे. तिने तोंड उघडलं नाही तर ती टेस्टिंगला बसते, म्हणजे स्वतःचंच काम परत मागायला तिला भांडावं लागणार.

मग ते नवं काम सुटं करून बघा. तुम्ही म्हणता महिन्यातून चार-पाच दिवस. पण सगळे महिने सारखे असतात का? तुमच्यासारख्या कामांत मी जे पाहिलंय त्यावरून सांगते. सुरुवातीला समजून घ्यायला जावं लागतं. मधले बरेच महिने डेटा आणायचं काम बसल्या जागी होतं. मग शिकवायला आणि सिस्टीम चालू करायला परत जावं लागतं. हे खरं असेल तर तिच्यापुढे "प्रवास हो की नाही" असा प्रश्नच येत नाही. कोणते तीन-चार दौरे लीडने स्वतः करायलाच हवेत आणि कोणते टीममधला दुसरा कोणी करू शकतो, हा प्रश्न येतो. लीड म्हणजे प्रत्येक दौऱ्याला जाणारा माणूस, हेही आपण धरूनच चालतो.

एवढं कागदावर आलं की तिला सांगा. काम हे आहे, दौरे साधारण या महिन्यांत आहेत, रात्रीचं काम चालू करायच्या आठवड्यात आहे, नाव या तारखेपर्यंत ठरवायचंय. आत्ता नको असेल तर याच तोडीचं पुढचं काम साधारण कधी येणार. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पुढचं काम कधी ते माहीत नसलं की "आत्ता नको" म्हणजे "कधीच नको" असं ऐकू येतं, आणि माणूस घाबरून हो म्हणतो. तुम्ही म्हणता तो दबाव इथून येतो.

आणि हे तिला एकटीला विचारू नका. त्या कामाला लायक असलेल्या सगळ्यांना, तिच्या जागी बघणाऱ्यालाही, त्याच आठवड्यात त्याच शब्दांत विचारा. त्याच्या घरी काय चाललंय हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?

झुळूक
पानगळताई, +१. "त्याच शब्दांत" हे तर फ्रेम करून लावावं.

दुसरा_पाळणा
एक बारीक भर. उत्तर एकदा घेऊन फाइल बंद करू नका. मी परत आले त्या आठवड्यात मला सगळं जमणार होतं. पाळणाघरात गेल्यावर मुलं पहिले काही महिने किती आजारी पडतात ते नंतर कळलं. दोन महिन्यांनी माझं उत्तर वेगळं होतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा वेगळं, या वेळी उलट्या बाजूने. माझी बॉस दर सहा-आठ आठवड्यांनी सगळ्यांशीच बसायची, तिथे ते आपोआप निघायचं. "बाळाच्या निमित्ताने खास बैठक" असं तिने कधी केलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

जागेवरचा
मी या धाग्यावरचा "तिच्या जागी बघणारा". सगळे तिच्या बाजूने बोलताय, ठीकच आहे. पण माझं ऐका.

सीनियर रजेवर गेली तेव्हा मला तिचा क्लायंट दिला. तो क्लायंट चिडलेला होता, आधीची बिलं अडवून बसला होता. वर्षभरात मी त्याला रुळावर आणलं. ती परत आली आणि सोमवारी सकाळच्या मेलमध्ये मला कळलं की आजपासून परत ती बघणार. माझं नाव मेलमध्ये तिसऱ्या ओळीत, "सहकार्याबद्दल आभार". पानगळताई म्हणतात की काही न बोलता जुने क्लायंट तिचेच. मग मी काय, बदली खेळाडू?

पानगळ
जागेवरचा, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. काम देतानाच: इतक्या महिन्यांसाठी आहे, नंतर ते परत जाईल, आणि तुम्ही ते नीट केलंत तर तुम्हाला त्या पातळीचं दुसरं काय मिळेल. बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य बोलतात आणि शेवटचं गिळतात.

पण क्लायंटच "आम्हाला हाच माणूस हवा" म्हणाला तर काय? यावर माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. मी कधी दोघांना एकत्र ठेवलंय, कधी क्लायंट वाटून दिलेत, आणि एकदा दोघंही नाराज झालेत.

जागेवरचा
निदान कबूल तरी केलंत.

तटस्थ
एक विचारतो. हे सगळं खरंच इतकं असतं, की आपण चार जणांच्या कहाण्यांवरून धागा लांबवतोय?

कागदकीडा
तटस्थ, यावर प्रयोग झालेले आहेत. शेली कॉरेल, स्टीफन बेनार्ड आणि इन पाइक यांचा अमेरिकेतला 2007 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सारख्याच तोडीचे काल्पनिक अर्ज लोकांना तपासायला दिले. फरक एवढाच, की एका अर्जातून ही व्यक्ती पालक आहे हे कळत होतं. आई असलेल्या उमेदवार कामात कमी सक्षम आणि कमी बांधील वाटल्या, सुरुवातीचा पगारही कमी सुचवला गेला. वडिलांचं तसं काहीच नुकसान झालं नाही, काही बाबतींत उलट फायदाच. मग खऱ्या जाहिरातींना असे अर्ज पाठवले, तेव्हा मूल नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून जास्त वेळा बोलावणं आलं.

अभ्यास नोकरीला घेण्याबद्दलचा आहे, रजेवरून येण्याबद्दलचा नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पकडाल.

तटस्थ
पकडणारच होतो. तरी मान्य. समान काम द्या म्हणणारा मी, पण अर्ज समोर आला तर मीही काय केलं असतं कोण जाणे.

टेम्सकाठी
अधिकउणे, तुम्ही तिला रजेत असतानाच विचारणार की रुजू झाल्यावर? इथे ब्रिटनमध्ये बाळंतपणाच्या रजेत 10 दिवसांपर्यंत कामावर येता येतं, रजा न मोडता. दोघांची तयारी असली तरच. कंपनी बोलवू शकत नाही आणि बाईलाही हट्ट धरता येत नाही. माझ्या मैत्रिणीने त्यातला एक दिवस नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीसाठी वापरला. परत यायच्या आधीच ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मनमोकळी
मला हे अजिबात पटत नाही. रजा म्हणजे रजा. "इच्छा असेल तर ये" म्हटलं की न येणारी लगेच कमी उत्साही ठरते. मला रजेत बॉसचा फोन आला असता तर पोटात गोळा आला असता.

रेवा_म
आणि मला न आल्याचं वाईट वाटलं. मी रजेवर असताना आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला आणि मला ते मैत्रिणीच्या स्टेटसवरून कळलं. मनमोकळी, तुला गोळा, मला गाळलं!

दुसरा_पाळणा
रजेवर जायच्या आधीच विचारून ठेवायचं ना: काय कळवू, कशावर कळवू, की काहीच नको? आमच्याकडे एका ओळीची नोंद असते. पण तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. तिने तारीख कळवलीच आहे तर त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा. फोन नको.

वायरमन
मी आयटी सपोर्टवाला. एवढी तात्त्विक चर्चा चाललीय म्हणून जमिनीवर येतो. बऱ्याच कंपन्यांत लॉगिन काही महिने वापरलं नाही की आपोआप बंद होतं. ते माणूस आल्यावर उघडायला घेतलं की मंजुरी, पासवर्ड, लॅपटॉपचे अपडेट यात दोन दिवस जातात. ती नुसती बसून राहते आणि आपण इथे नकोसे आहोत असं वाटून घेते. आठवडाभर आधी तिकीट टाका.

आणि ग्रुप मेल तपासा. लॉगिन परत चालू केलं तरी मेलच्या ग्रुपमध्ये नाव आपोआप येत नाही. मी एक केस बघितलीय. बाई दीड महिना कामावर होत्या आणि लीड लोकांच्या सोमवारच्या मीटिंगचं आमंत्रण त्यांना येतच नव्हतं. सगळ्यांना वाटलं त्यांना यायचं नसेल. त्यांना वाटलं आपल्याला काढलं. कोणी विचारलं नाही. शेवटी प्रिंटरच्या तक्रारीसाठी मी गेलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, म्हणून सापडलं.

झुळूक
प्रिंटर बिघडल्याचा पहिलाच फायदा ऐकला.

कागदकीडा
वायरमन यांचा मुद्दा मोठा आहे. कोणी दुष्टपणा करत नाही, आमंत्रण फक्त राहून जातं. अधिकउणे, तीन महिन्यांनी स्वतःच एकदा तपासा: तिच्या पातळीच्या मीटिंगना ती आहे का, आणि या काळात आलेल्या नव्या कामांपैकी एखादं तरी तिला देऊ केलं का. देऊ केलेलं मोजायचं. तिने घेतलं की नाही हा तिचा प्रश्न.

सदाफुली२
आणि रेटिंग? माझ्या नणंदेला रजेच्या वर्षी सरळ मधलं रेटिंग दिलं, म्हणे वर्षात कामच कमी होतं.

पानगळ
सदाफुली, हे फार होतं. ती दोन महिने कामावर असेल तर त्या दोन महिन्यांचं काम बघायचं आणि टार्गेटही दोनच महिन्यांचं धरायचं. बारा महिन्यांच्या टार्गेटशी दोन महिन्यांचं काम ताडून बघितलं तर कोणीही नापासच होणार. अधिकउणे, रजेच्या वर्षाचं रेटिंग अजून व्हायचं असेल तर आत्ताच एचआरला विचारून ठेवा, ती आल्यावर नको.

अधिकउणे
सगळ्यांचे आभार. कामाचे महिने मांडून बघितले. आठ महिन्यांत लीडला जायलाच हवेत असे चार दौरे निघाले, बाकीचे ज्युनियर करू शकतात. हे मला माहीत नव्हतं, कारण मागच्या कामाला प्रत्येक दौऱ्यावर मीच जायचो.

तिच्या मेलला असं उत्तर लिहिलंय, बघा:

"तारीख कळली, छान. तुझे दोन जुने क्लायंट तुझ्याकडेच आहेत, त्यांची सध्याची स्थिती तू आल्यावर बसून बघू. लॉगिन आणि लॅपटॉप आधीच तयार असेल. एक नवं काम आलंय. आठ महिने, लीडचे चार दौरे, प्रत्येकी चार-पाच दिवस, आणि सिस्टीम चालू करायच्या आठवड्यात रात्रीचं काम. लीड कोण हे तू रुजू झाल्यावर तीन आठवड्यांनी ठरवणार आहे, आणि तुम्हा तिघांनाही हेच विचारतोय. याच आकाराचं पुढचं काम पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला अपेक्षित आहे. आत्ता उत्तर नको. बाळाची काळजी घे, घाई करू नकोस, आम्ही समजून घेऊ."

रेवा_म
शेवटचं वाक्य काढा. बाकी उत्तम.

अधिकउणे
का? ते तर मनापासून लिहिलंय.

बापमाणूस
तिघांनाही तोच मेल आहे ना? मग तेच वाक्य बाकी दोघांना पाठवाल का?

अधिकउणे
त्यातल्या एकाचं लग्नच झालेलं नाही.

झुळूक
=))

मनमोकळी
मला ते वाक्य वाचून बरं वाटलं असतं, खरं सांगते. पण त्या मेलमध्ये नाही, वेगळ्या निरोपात. कामाच्या ओळीला चिकटून आलं की ते काम आपल्याला द्यायचं नाहीये असं वाटतं.

अधिकउणे
बरं, काढलं. "आत्ता उत्तर नको" इथेच थांबतो, आणि वेगळा निरोप टाकतो. जागेवरचा, तुमच्या मुद्द्यावर मात्र मी अजून अडलोय. आमच्या त्या मुलाने तिचा एक क्लायंट खरंच फार छान सांभाळलाय आणि त्याला अजून कोणी काहीच सांगितलेलं नाही.

जागेवरचा
मग तिच्या आधी त्याच्याशी बोला. सोमवारच्या मेलमधून कळू देऊ नका.